मशीनवर एक नाव, कागदावर दुसरं : नोटीस नक्की कुणाच्या नावाने काढायची?

पथारीवाली_शहादा · सोमवार, रात्री 9:40

मंडळी, जरा अडलंय. आमच्या बचत गटाने मिरची-हळद दळायला पल्वरायझर घेतला. धुळ्याच्या डीलरकडून, 68,000 रुपयांना, पक्कं बिल आहे. पहिल्याच हंगामात मोटर जळाली, ती वॉरंटीत भरून मिळाली. थोड्या दिवसांत परत जळाली. आता डीलर म्हणतो, "मी नुसता विकणारा, कंपनीशी बोला." आणि कंपनी म्हणजे कोण, हेच समजत नाहीये.

हॉपरवर मोठ्या अक्षरांत ब्रँडचं नाव आहे. इथे नाव घेत नाही, 'क्ष' म्हणते. त्याच्या खांद्यावर बारीक टीएम. खाली पत्र्याच्या पट्टीवर 'क्ष इंडस्ट्रीज, राजकोट' आणि जीआयडीसीतला प्लॉट नंबर. वॉरंटी कार्डावर फक्त 'क्ष' आणि एक मोबाइल नंबर, तो बंद लागतो. कंपन्यांच्या सरकारी साइटवर 'क्ष' टाकलं तर एक 'क्ष प्रायव्हेट लिमिटेड' निघाली, पण कोईमतूरची. भाचा म्हणतो हीच असेल, हेड ऑफिस तिकडे असेल. अध्यक्षाबाईंचं म्हणणं, तिलाच नोटीस टाका आणि मोकळ्या व्हा. माझं मन घेत नाही. कायद्याच्या कागदावर घालायचं खरं नाव कसं काढायचं?

---

राजूभाऊ_नवापूर · रात्री 9:58

ताई, सरळ हिशोब आहे. नावापुढे प्रा. लि. नाही म्हणजे रजिस्टर नाही, म्हणजे बोगस. 'इंडस्ट्रीज' वगैरे लिहून लोक फसवतात. आधी पोलिसांत द्या.

---

सावदेकर · रात्री 10:15

चांगला विषय काढला. मला पण हेच विचारायचं होतं. केळी वेफर्सचं युनिट टाकतोय, ब्रँडला एक नाव पसंत आहे. ते मोकळं आहे का, आणि नोंदवायला खर्च किती येतो?

---

गिरणाथडी · रात्री 10:50

सावदेकर दादा, तुमचा प्रश्न उलटा आहे. तुम्हाला नाव घ्यायचंय, ताईंना नावामागचा माणूस शोधायचाय. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

राजूभाऊ, बोगस म्हणायची घाई नको. मी जळगावात जीएसटी-इन्कम टॅक्सचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांच्या नावापुढे प्रा. लि. नसतं आणि सगळे रीतसर कर भरतात. एकट्याचा धंदा असेल किंवा भागीदारी असेल तर तिथे कंपनी नसतेच. 'इंडस्ट्रीज', 'एंटरप्रायझेस', 'इंडिया', एवढंच काय 'अँड कंपनी' हेही कुणीही पाटीवर लावू शकतो. मोकळे शब्द आहेत ते. 'लिमिटेड' आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' मात्र तसे नाहीत. कंपनी नसताना ते लावले तर कंपनी कायद्याप्रमाणे दररोजचा दंड बसतो.

ताई, तुमच्या शोधात गाडी कुठे अडली ते सांगतो. एमसीएच्या, म्हणजे तुम्ही बघितलेल्या कंपन्यांच्या सरकारी साइटवर फक्त कंपन्या आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या, आहेत. प्रोप्रायटर आणि साधी भागीदारी तिथे कधीच सापडणार नाही, कितीही शोधा. आपल्याला हवा असलेला माणूस त्या यादीत नसला तरी यादी आपल्याला हात हलवत परत पाठवत नाही. त्याच शब्दाची दुसरीच कुणीतरी कंपनी पुढे करते. तुमचं कोईमतूर तसंच आलेलं दिसतंय. ज्याच्या नावात तो शब्द आहे तोच आपला माणूस, असं धरून लोक नोटिसा टाकतात आणि पोस्टाचा खर्च वाया जातो.

म्हणून नावाने शोधू नका, नंबराने शोधा. नाव दहा जणांचं सारखं असेल, जीएसटी नंबर एकाचाच असतो. डीलरच्या बिलावर नंबर असेलच, पण तो डीलरचा. तुम्हाला बनवणाऱ्याचा हवाय. वॉरंटी कार्डाच्या मागची बाजू, खोक्यावरचं लेबल, मशीनबरोबर आलेली बिल्टी, असेल ते सगळं काढून बघा. माल राजकोटहून थेट तुमच्याकडे आला की डीलरच्या दुकानातून?

---

कापूसकोंड्या · रात्री 11:20

मन्हं बी आसंच व्हयनं भाऊ. गेल्या साली कापूस दिला एका व्यापाऱ्याला. दुकानावर पाटी 'अमुक ट्रेडिंग कंपनी'. काटा पावतीवर तेच नाव, सही कुणाची ती वाचता येत नाही. अर्धे पैसे बँकेत आले, उरलेले आजपर्यंत आले नाहीत. पासबुकात पैसे पाठवणाऱ्याचं नाव बघतो तर तिसरंच. पाटीचं नाव नाही, गादीवर बसणाऱ्याचं पण नाही. कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

---

राजूभाऊ_नवापूर · रात्री 11:31

मग सोपं आहे. त्याच्या दुकानातला क्यूआर स्कॅन करा, एक रुपया पाठवा. फोनवर जे नाव दिसेल तेच खरं नाव. मी कायम असंच बघतो.

---

गिरणाथडी · मंगळवार, सकाळी 7:15

राजूभाऊ, हे अर्धं बरोबर आहे. फोनवर दिसतं ते ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्याचं बँकेतलं नाव. दुकानाचं करंट खातं असेल तर फर्मचं नाव दिसेल, आणि मालकाने भावाच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर भावाचं दिसेल. धागा म्हणून धरा, पुरावा म्हणून नको. धंद्याचा मालक कोण हे त्यावरून ठरत नाही.

कापूसकोंड्या दादा, तुमच्याकडे दोन दोऱ्या आहेत. पासबुकातली ती ओळ जपून ठेवा, बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. पैसे कुणी दिले याचा तो पुरावा आहे. दुसरी दोरी म्हणजे बाजार समिती. कापूस घेणाऱ्याला बाजार समितीचं लायसन्स लागतं आणि ते कुणाच्या नावावर आहे हे समितीच्या दप्तरात असतं. लेखी अर्ज देऊन विचारा. शिवाय दुकानाच्या आत जीएसटीचं सर्टिफिकेट लावायचं आणि दारावरच्या पाटीवर नंबर लिहायचा नियम आहे. पुष्कळ जण लिहीत नाहीत, पण जाता-येता बघायला काय जातं. नंबर मिळाला की पुढचं मी ताईंसाठी लिहिणारच आहे, तेच तुम्हालाही लागू.

---

पथारीवाली_शहादा · मंगळवार, दुपारी 1:05

भाऊ, फाइल धुंडाळली. वॉरंटी कार्डावर नंबर नाही. पण मशीन राजकोटहून थेट शहाद्याला आली होती, आणि ड्रायव्हरने बिल्टीबरोबर एक कागद दिला होता तो आमच्या सचिवबाईंनी टाचणी लावून ठेवलाय. वर E-Way Bill लिहिलंय. From मध्ये राजकोटचा पत्ता, To मध्ये डीलर, खाली Ship To मध्ये आमचं गाव. From च्या पुढे जो नंबर आहे तो असा (मधली अक्षरं झाकलीत):

```
24xxxFxxxxxx1Zx
```

From मध्ये नाव भलतंच आहे. त्याला 'ज्ञ इंजिनिअरिंग' म्हणते. 'क्ष'चा त्या कागदावर कुठेच पत्ता नाही. मालाच्या रकान्यात नुसतं पल्वरायझर मशीन.

---

गिरणाथडी · मंगळवार, दुपारी 2:30

सचिवबाईंना माझा नमस्कार सांगा. लोक हा कागद त्याच दिवशी चुलीत घालतात. 50,000 च्या वरचा माल निघाला की साधारणपणे तो कागद गाडीबरोबर असतोच. माल बनवणाऱ्याकडून थेट गिऱ्हाइकाकडे गेला की त्यावर बहुतेक वेळा बनवणाऱ्याचा नंबर येतो. डीलर काहीही म्हणो, माल कुठून निघाला ते इथे छापलेलं आहे.

आता हा नंबर वाचू. पहिले दोन आकडे राज्याचे. 24 म्हणजे गुजरात. आपल्याकडचा असता तर 27 आला असता, कोईमतूरवाल्यांचा तमिळनाडूचा 33. एवढ्यावरच तुमच्या भाच्याची शंका निम्मी मिटली. कंपनीला दुसऱ्या राज्यातही नोंदणी घेता येते, म्हणून निम्मी म्हणतो.

उरलेली निम्मी पुढच्या दहा अक्षरांत मिटते. ती दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर धरा, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं. तुमच्याकडे तिथे F आहे. F म्हणजे फर्म, भागीदारी. C असतं तर कंपनी, P असतं तर एकटा माणूस, H असतं तर हिंदू अविभक्त कुटुंब. कोईमतूरची 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे, तिच्या पॅनमध्ये त्या जागी C च असणार. म्हणजे ही ती नव्हे, विषय संपला. एलएलपीला पण F च मिळतो, एवढी एक मेख आहे. ती पुढच्या पायरीवर सुटेल.

त्याच्या पुढचं अक्षर, जीएसटी नंबरातलं सातवं, ते फर्मच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. ते 'क्ष'च्या स्पेलिंगशी जुळतं का बघा. माझा अंदाज, 'ज्ञ'शी जुळेल.

मग `services.gst.gov.in` उघडा. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN घ्या, नंबर टाका, चित्रातली अक्षरं भरा. लॉगिन लागत नाही. जे पान येईल त्यातल्या चार गोष्टी इथे लिहा: Legal Name of Business, Trade Name, Constitution of Business, आणि Principal Place of Business चा पत्ता. GSTIN/UIN Status मध्ये Active आहे ना तेही बघा. Cancelled असेल तर पुन्हा वेगळी भानगड.

Legal Name मध्ये येतं ते पॅनवरचं नाव. मालकाला ते हवं तसं टाकता येत नाही, कारण नोंदणीच्या वेळी पॅनशी ताडून बघतात. Trade Name मात्र त्याने स्वतः सांगितलेलं असतं. तिथे ब्रँड असू शकतो, दुकानाची पाटी असू शकते, दोन्ही नसूही शकतं.

---

खान्देशी_मोटार · मंगळवार, सायंकाळी 6:10

अमळनेरला पंप-मोटारीचं दुकान आहे, वाइंडिंग पण करतो. आमच्या धंद्यात ब्रँडवर विसंबून कंपनी ठरवली की माणूस हमखास चुकतो. किर्लोस्करचंच बघा. गिऱ्हाईक म्हणतं "किर्लोस्कर कंपनीला फोन लावा". कोणत्या? किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड आहे, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स लिमिटेड आहे. दोन्ही वेगळ्या कंपन्या, शेअर बाजारात वेगवेगळ्या नोंदलेल्या. आणि त्या नावाचे कितीतरी ट्रेडमार्क किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड नावाच्या आणखी वेगळ्याच कंपनीच्या नावावर आहेत. मग पट्टीवर किंवा वॉरंटी कार्डावर पूर्ण नाव काय छापलंय ते बघून तक्रार टाकायची. मोठ्या कंपन्यांचं एक बरं, पूर्ण नाव छापलेलं असतं.

ताई, मोटर दोनदा जळाली म्हणता तर व्होल्टेज तपासलं का? तुमच्याकडे रात्रीचं सिंगल फेज, कमी दाब, असं असेल तर नोटिशीला पहिलं उत्तर तेच येईल.

---

गिरणाथडी · मंगळवार, सायंकाळी 6:40

चांगलं उदाहरण दिलं. मोठ्यांकडे पूर्ण नाव का छापलेलं असतं, त्याला कारण आहे. कंपनी असेल तर लेटरहेडवर, बिलावर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन छापावाच लागतो. सीआयएन म्हणजे 21 अक्षरांचा नंबर, L किंवा U ने सुरू होतो. बिलावर तो दिसला तर एमसीएच्या साइटवर नावाऐवजी त्यानेच शोधा, शंकेला जागा उरत नाही. नाव बदललं असेल तर दोन वर्षं जुनं नावही सोबत लिहावं लागतं. झोमॅटोचं बघा, 2025 मध्ये कंपनीचं नाव इटर्नल लिमिटेड झालं, ॲपवर अजून झोमॅटोच आहे. ॲपचं नाव घालून कुणी कंपनीला नोटीस काढली तर वकील हसेल.

---

पथारीवाली_शहादा · मंगळवार, रात्री 9:25

झालं बघा. सातवं अक्षर 'ज्ञ'चंच निघालं.

Legal Name : ज्ञ इंजिनिअरिंग
Trade Name : तेच, ज्ञ इंजिनिअरिंग
Constitution : Partnership
Status : Active
पत्ता : राजकोट, जीआयडीसी. आणि प्लॉट नंबर मशीनच्या पट्टीवरचाच! मी पट्टीवरचं तेल पुसून दोनदा वाचलं.

मग एक उचापत केली. डीलरचा पण नंबर टाकून बघितला. त्याच्या दुकानाची पाटी 'अमुक मशिनरी', गल्ल्यावर भाऊ बसतो, सगळे त्यालाच शेठ म्हणतात. चौथं अक्षर P, आणि Legal Name मध्ये एका बाईंचं नाव! Trade Name मध्ये पाटीचं नाव. हे कसं काय?

व्होल्टेजचं : दुसऱ्यांदा जळाली तेव्हा मिस्त्रीने बघितलं होतं, स्टार्टरमधलं ओव्हरलोड चाललंच नाही म्हणाला. लिहून घेतलेलं नाही.

---

गिरणाथडी · मंगळवार, रात्री 9:50

बाईंचं नाव म्हणजे बहुधा शेठची बायको नाहीतर आई. आपल्याकडे सर्रास चालतं, कुणाच्या नावावर कर्ज-सबसिडी बसते, कुणाच्या नावावर आधीच दुसरा धंदा असतो. त्यात बेकायदा काही नाही. पण कायद्याने डीलर त्या बाई आहेत, गल्ल्यावरचा शेठ नव्हे.

राजकोटचं मात्र सगळं जुळलं असं अजून म्हणू नका. पत्ता जुळला, माल तिथूनच निघाला, इथवर पक्कं. पण 'क्ष इंडस्ट्रीज' हे ज्ञ इंजिनिअरिंगचंच दुसरं नाव आहे, की त्याच शेडमध्ये दुसऱ्या कुणाची वेगळी फर्म आहे, ते या पानावरून कळत नाही. एका शेडमध्ये बापाची फर्म, मुलाची प्रोप्रायटरशिप, असं मी रोज बघतो. आणि जीएसटीच्या साइटवर नुसत्या नावाने शोधायची सोय नाही, नंबर किंवा पॅनच लागतो. खाजगी साइटवाले नावाने दाखवतात, पण त्यांचा माल कधी शिळा असतो.

आता ट्रेडमार्क बघा. `tmrsearch.ipindia.gov.in` वर Wordmark मध्ये ब्रँडचा शब्द आणि Class मध्ये 7 टाका. दळण-कांडपाची यंत्रं सातव्या वर्गात येतात. Proprietor कुणाचं नाव येतं ते सांगा. दुसऱ्या वर्गांतही एकदा शोधा, कोईमतूरचा पण उलगडा होईल.

---

सावदेकर · मंगळवार, रात्री 10:05

वेफर्स कोणत्या वर्गात येतात हो?

---

गिरणाथडी · मंगळवार, रात्री 10:08

केळी वेफर्स 29. आता तरी वेगळा धागा काढा दादा 🙏

---

पथारीवाली_शहादा · बुधवार, सकाळी 11:15

सातव्या वर्गात 'क्ष' एका माणसाच्या नावावर निघाला. पत्ता राजकोट, पण प्लॉट नाही, घराचा दिसतो. नावापुढे trading as करून 'क्ष इंडस्ट्रीज' लिहिलंय. Status मध्ये Objected. दुसऱ्या वर्गांत शोधलं तर 23 मध्ये तीच कोईमतूरची कंपनी, Registered. 23 म्हणजे सूत म्हणे! सूतगिरणी निघाली ती. आमच्या अध्यक्षाबाई सूतगिरणीला मिरचीच्या मशीनची नोटीस टाकणार होत्या.

म्हणजे 'क्ष इंडस्ट्रीज' वेगळी आणि 'ज्ञ इंजिनिअरिंग' वेगळी?

---

राजूभाऊ_नवापूर · बुधवार, सकाळी 11:30

Objected म्हणजे सरकारनेच हरकत घेतली. बघा, म्हटलं होतं ना बोगस!

---

गिरणाथडी · बुधवार, दुपारी 12:10

राजूभाऊ, Objected म्हणजे अर्ज तपासणाऱ्याने शंका काढली, उत्तर मागवलंय. बरेच अर्ज या पायरीवरून जातात. टीएम लावायला नोंदणी पूर्ण झालेली असावी लागत नाही, गोल आर लावायला लागते.

ताई, सूताचा 'क्ष' वेगळ्याचा आणि यंत्राचा 'क्ष' वेगळ्याचा, दोघे आपापल्या वर्गात नांदू शकतात. त्यामुळे ट्रेडमार्क बघताना शब्द जुळला यावर खूश होऊ नये, वर्ग बघावा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दिसतंय तरी तसंच. ट्रेडमार्क मागितला तेव्हा त्या माणसाने 'क्ष इंडस्ट्रीज' आपली एकट्याची असं सांगितलंय. माल मात्र ज्ञ या भागीदारीच्या नंबरावर निघाला. तो त्या भागीदारीत भागीदार असेल, नसेल. हे आपल्याला बाहेरून कळणार नाही. गुजरातच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे भागीदारी नोंदलेली असेल तर भागीदारांची नावं मिळतात, पण भागीदारी नोंदवायची सक्ती नाही, त्यामुळे मिळतीलच असं नाही. नोटीस कशी लिहायची ते वकील सांगतील, माझी हद्द इथे संपली.

---

पांझराकाठ_वकील · बुधवार, रात्री 8:20

धुळ्यात वकिली करते. धागा पूर्ण वाचला, गिरणाथडी भाऊंनी माझं निम्मं काम केलं.

ताई, कोण खरा हे तुम्हीच सिद्ध करून मग नोटीस काढायची, असं नसतं. तुम्ही दिसतंय ते सगळं लिहायचं आणि त्यांना उत्तर द्यायला लावायचं. तुमच्या नोटिशीत तीन पक्ष येतील.

पहिल्या, डीलर. नाव असं लिहा: श्रीमती अमुक (जीएसटीवरचं Legal Name), प्रोप्रायटर, अमुक मशिनरी, दुकानाचा पत्ता. शेठचं नाव घालू नका.

दुसरे, ज्ञ इंजिनिअरिंग, भागीदारी संस्था, राजकोट, जीएसटी नंबरासह. भागीदारांची नावं माहीत नसली तरी फर्मच्या नावाने काढता येते.

तिसरे, ट्रेडमार्कवरचा माणूस, 'क्ष इंडस्ट्रीज' या नावाने धंदा करणारे. त्याला दोन्ही पत्त्यांवर पाठवा, प्लॉटवर आणि घरी.

कुणीतरी विचारेल म्हणून सांगते. प्रोप्रायटरचं स्वतःचं नाव मिळालंच नाही तर सगळं बुडालं असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 30 नियम 10 आहे. स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्यावर त्या धंद्याच्या नावाने दावा लावता येतो. पण निकाल मिळाल्यावर वसुली माणसाकडूनच करायची असते, तेव्हा नाव आधीच हाती असलेलं बरं. उलट, प्रोप्रायटरशिपला 'कंपनी' म्हणून 'मार्फत संचालक' लिहिलेल्या नोटिसा मी पाहिल्यात. समोरचा वकील पहिल्याच ओळीत लिहितो, अशी कंपनी अस्तित्वात नाही. खटला हरत नाही, पण नावं दुरुस्त करण्यात तारखा जातात.

आणि मिस्त्रीकडून आजच्या आज लेखी घ्या. सही, तारीख, मोटरचा नंबर.

---

कापूसकोंड्या · बुधवार, रात्री 8:45

ताई, माझ्या व्यापाऱ्याच्या दुकानात सर्टिफिकेट लावलेलं नाही. नंबर नाहीच म्हणतो. मग?

---

पांझराकाठ_वकील · बुधवार, रात्री 9:00

आदेश 30 तुमच्यासाठीच आहे मग. पाटीच्या नावाने लावता येतो, आणि पासबुकातल्या नावालाही पक्षकार करायचं. पण आधी बाजार समितीत अर्ज द्या, तिथून लायसन्सवरचं नाव आलं तर काम हलकं होईल. पावतीवरची सही कुणाची हे ओळखणारा एखादा हमाल, तोलारी असेल तर त्याचं नाव टिपून ठेवा.

---

पथारीवाली_शहादा · बुधवार, रात्री 9:30

वकील ताई, खूप उपकार झाले. एकच, ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर धुळे की नंदुरबार? राजकोटला जावं लागेल का?

---

पांझराकाठ_वकील · बुधवार, रात्री 9:55

2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नंदुरबार. राजकोटला जायची गरज नाही.

अडचण दुसरीकडे आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा 'ग्राहक' धरत नाहीत. स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः राबून चालवायला घेतली असेल तर धरतात. बचत गटातल्या बायका स्वतः दळतात, पगारी माणूस नाही, हे तुमच्या बाजूने आहे. पण घेणारा गट आहे, एकटी व्यक्ती नाही, यावर समोरचा भांडेल. गटाचं ठरावबुक, मशीन घेतल्याचा ठराव, कुणी किती दिवस दळलं त्याची वही, हे सगळं घेऊन या, मग बघू.

---

खान्देशी_मोटार · बुधवार, रात्री 10:20

माझ्या मते गट म्हणजे धंदाच, आयोग घेणार नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाची तक्रार अशीच परत आली. कागद बघितले नाहीत, ऐकीव आहे.

---

पांझराकाठ_वकील · बुधवार, रात्री 10:35

ऐकीववर मी मत देणार नाही. कागद मिळाले तर पाठवा, कोणत्या मुद्द्यावर परत आली ते बघायला हवं. तोवर ताई, नोटीस तरी जाऊ द्या. तिघांना वेगवेगळ्या पाकिटांत, पोचपावतीसह. राजकोटच्या प्लॉटवरचं पाकीट 'क्ष'च्या नावाने पाठवलेलं कुणी सही करून घेतलं, तर 'क्ष आणि ज्ञ एकाच छताखाली' याचा एक कागद तुमच्या हाती येईल.